सीटी व्हॅल्यू नेमकी काय मोजते?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात टोकाला पोचत होती. त्या दिवसांत राज्याच्या आरोग्य विभागाने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला, म्हणजे आयसीएमआरला, एक प्रश्न विचारला. आरटीपीसीआर तपासणीत सीटी व्हॅल्यू २४ पेक्षा जास्त आली, तर त्या माणसाला निगेटिव्ह धरता येईल का? खाटा संपल्या होत्या, विलगीकरण केंद्रं भरली होती. ज्यांच्या अंगात विषाणू नावापुरताच उरला आहे त्यांना वेगळं काढता आलं, तर यंत्रणेवरचा भार हलका होईल, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. आयसीएमआरने उत्तर दिलं, की ३५ किंवा त्याहून कमी सीटी असलेला प्रत्येक जण पॉझिटिव्हच धरावा. सीमा २४ वर आणली, तर संसर्ग पसरवू शकणारे अनेक रुग्ण हातून निसटतील.

२४ आणि ३५ हे आकडे कानाला फार लांबचे वाटत नाहीत. पण या मोजपट्टीवर त्यांच्यात सुमारे दोन हजार पटींचं अंतर आहे. ते कसं, हे कळण्यासाठी नमुना लॅबमध्ये पोचल्यावर त्याचं काय होतं, ते आधी पाहावं लागेल.

नाकातून घेतलेला स्वॅब एका नळीतल्या द्रवात बुडवून लॅबला पाठवला जातो. हा द्रव साधारण ३ मिलिलिटर असतो. लॅबमध्ये त्यातला थोडासाच, बहुतेक ठिकाणी २०० मायक्रोलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा पाचवा भाग, पुढच्या प्रक्रियेसाठी घेतात. त्यातून विषाणूचा आरएनए वेगळा करून तो समजा ५० मायक्रोलिटर शुद्ध द्रावणात उतरवला, तर त्यातले ५ मायक्रोलिटर प्रत्यक्ष तपासणीच्या इवल्या नळीत जातात. हिशेब केला तर मूळ द्रवाचा दीडशेवा भागच मशीनसमोर येतो. बाकी सगळं बाहेर राहतं. हा दीडशेवा भाग लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

कोरोनाचा विषाणू आरएनएचा आहे आणि पीसीआरला डीएनए लागतो. म्हणून आधी एका विकराच्या साहाय्याने आरएनएची डीएनए प्रत तयार केली जाते. मग चक्रं सुरू होतात. ९५ अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन धागे सुटतात, ६० अंशांच्या आसपास आणल्यावर प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार धागा विणला जातो. एका चक्रात एकाचे दोन, पुढच्यात चार, मग आठ. ही कल्पना कॅरी मलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिला नोबेल मिळालं. मात्र सुरुवातीच्या पीसीआरमध्ये सगळी चक्रं संपल्यावरच हवा तो तुकडा मिळाला की नाही, हे पाहता येत असे. किती होता, ते कळायचं नाही. तीस-चाळीस चक्रांनंतर सामग्री संपते आणि थोड्यापासून सुरुवात करणारा नमुना बऱ्याचदा पुष्कळापासून सुरुवात करणाऱ्याच्या बरोबरीला येऊन थांबतो. शर्यत संपल्यावर पाहिलं तर कोण किती पुढून निघालं होतं, याचा पत्ता लागत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रसेल हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यत चालू असतानाच पाहण्याची सोय केली. नळीत चमकणारं रसायन घालायचं आणि प्रत्येक चक्रानंतर चमक मोजायची. यालाच रिअल-टाइम पीसीआर म्हणतात. आज कोरोनासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक किटमध्ये विषाणूच्या विशिष्ट भागालाच चिकटणारा एक छोटा तुकडा असतो. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. नवा धागा विणला जाताना हा तुकडा तुटतो, दोन रेणू दुरावतात आणि उजेड सुटतो. जितक्या प्रती, तितका उजेड.

पहिली पंधरा-वीस चक्रं बहुधा काहीच दिसत नाही. प्रती वाढत असतात, पण उजेड मशीनच्या पार्श्वभूमीच्या चमकेत बुडालेला असतो. मग एका ठिकाणी आलेख वर उचलला जातो, काही चक्रं सरळ चढतो आणि शेवटी आडवा होतो. हा चढ जिथे नीट दुप्पट-दुप्पट होत असतो, त्या भागात एक आडवी रेघ ओढलेली असते. उजेड ज्या चक्राला ती रेघ ओलांडतो, त्या चक्राचा क्रमांक म्हणजे सीटी व्हॅल्यू. १९.४ असाही आकडा येतो, कारण रेघ दोन चक्रांच्या मध्ये कुठेतरी ओलांडली जाते.

म्हणजे सीटी हा विषाणूंचा आकडा नाही, तो वाट पाहण्याचा आकडा आहे. सुरुवातीला विषाणू जास्त असेल तर रेघ लवकर गाठली जाते आणि आकडा लहान येतो. दर चक्राला दुप्पट होत असल्यामुळे सीटीतला १ चा फरक म्हणजे दुपटीचा फरक, ३.३ चा फरक म्हणजे दहापट, १० चा म्हणजे सुमारे हजारपट. २४ आणि ३५ मध्ये ११ चक्रं आहेत. ११ वेळा दुप्पट केलं की २०४८ होतात.

आता दीडशेव्या भागाकडे येऊ. समजा, एखाद्या लॅबच्या मांडणीत तपासणीच्या नळीत आरएनएची एकच प्रत असेल तर ती ३८ व्या चक्राला दिसते. मग १८ सीटीच्या नमुन्यात त्याच्या वीस चक्रं आधीची, म्हणजे सुमारे दहा लाख प्रतींची सुरुवात होती. स्वॅबच्या सगळ्या द्रवात त्याच्या दीडशेपट, म्हणजे पंधरा कोटी. उलट ३७ सीटी म्हणजे नळीत जेमतेम दोन प्रती. इथे नशिबाचा भाग सुरू होतो. नळीत सरासरी एकच प्रत यावी इतकाच विषाणू द्रवात असेल, तर प्रत्यक्षात १०० वेळा घेतल्यास सुमारे ३७ वेळा एकही प्रत येणार नाही. नमुना तोच, टेक्निशियन तोच, मशीन तेच, आणि तरी एकदा पॉझिटिव्ह, एकदा निगेटिव्ह. सकाळी एका लॅबने पॉझिटिव्ह सांगितलं आणि संध्याकाळी दुसरीने निगेटिव्ह, म्हणून लोक लॅबवर संतापत. त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत दोन्ही लॅब बरोबर असू शकतात.

एवढं पाहिल्यावर वाटेल, की मग सीटी म्हणजे विषाणूचं प्रमाण मोजण्याची चांगली पट्टी आहे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्यासाठी हीच पद्धत खरोखर प्रमाण मोजायला वापरतात. पण तिथे रुग्णाच्या हातात सीटी दिली जात नाही. दर मिलिलिटर रक्तात किती प्रती किंवा किती आंतरराष्ट्रीय एकक, हे दिलं जातं, आणि औषध चालतंय की नाही हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. हा आकडा काढण्यासाठी लॅब ज्ञात प्रमाणाचे नमुने सोबत चालवते आणि त्यांच्या सीटीवरून रुग्णाच्या सीटीचं प्रमाणात रूपांतर करते. कोरोनाच्या आरएनएसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये प्रमाणित नमुना उपलब्ध केला. म्हणजे रूपांतर अशक्य नव्हतं.

खरी अडचण नमुन्यातच आहे. एक मिलिलिटर रक्त हे मापट्याने मोजून घेतलेलं धान्य आहे, स्वॅब म्हणजे अंदाजाने उचललेली मूठ. मूठ कोणाची, किती घट्ट, कणगीच्या तळातून उचलली की वरवरून, यावर तिच्यात किती दाणे येतील ते ठरतं. स्वॅबची काडी नाकातून घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली, तिथे काही सेकंद टेकली, फिरवली, तर तिच्यावर भरपूर पेशी येतात. नाकपुडीतच घुटमळली तर थोडा शेंबूड आणि बाकी काही नाही. हात आखडला आणि दहावा भागच आला, तर सीटी ३.३ ने वाढते. नळीत १ ऐवजी ३ मिलिलिटर द्रव असेल तर नमुना तिपटीने पातळ होतो आणि सीटी दीडएक चक्राने वाढते. २०२० मध्ये किट वाचवण्यासाठी आयसीएमआरने पाचपर्यंत नमुने एकत्र करून तपासण्याची मुभा दिली होती, त्यात प्रत्येक नमुना पाचपट पातळ होतो, म्हणजे आणखी २.३ चक्रं. यातलं काहीही रुग्णाच्या शरीरात घडलेलं नसतं, पण रिपोर्टावरच्या आकड्यात सगळं मिसळलेलं असतं.

मूठ रिकामी होती की भरलेली, हे ओळखण्याची सोय चांगल्या किटमध्ये असते. त्याच नळीत, वेगळ्या रंगाच्या चमकेने, माणसाचं एक जनुक शोधलं जातं. बऱ्याच किटमध्ये ते आरएनेज पी नावाचं असतं. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक पेशीत ते असल्यामुळे स्वॅबवर पेशी आल्या असतील तर ते सापडायलाच हवं. नीट घेतलेल्या स्वॅबमध्ये त्याची सीटी साधारण २२ ते ३० च्या दरम्यान येते. याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात. विषाणू सापडला नाही आणि हेही सापडलं नाही, तर तो रिपोर्ट निगेटिव्ह नसतो, अवैध असतो.

या नियंत्रणाच्याही मर्यादा आहेत, आणि त्या लॅबबाहेर फारशा कुणाला ठाऊक नसतात. पहिली म्हणजे आरएनेज पी शोधणारे काही संच पेशीतला डीएनएही पकडतात. डीएनए चिवट असतो, आरएनए नाजूक. नमुना उन्हात पडून राहिला आणि विषाणूचा आरएनए झिजला, तरी माणसाचा डीएनए दिमाखात २५ ला दिसू शकतो. म्हणून नमुना २ ते ८ अंशांत ठेवून ७२ तासांच्या आत तपासावा, या नियमाला नियंत्रणाचा पर्याय नाही. दुसरी मर्यादा उलट्या बाजूची आहे. काही किटमध्ये माणसाच्या जनुकाऐवजी एमएस२ नावाचा निरुपद्रवी विषाणू लॅबमध्येच नमुन्यात टाकतात. आरएनए नीट निघाला का, प्रक्रियेत काही अडथळा आला का, हे त्यावरून कळतं. पण काडी घशापर्यंत पोचली होती का, हे एमएस२ कसं सांगणार? तो तर काडी लॅबमध्ये पोचल्यावर नळीत आला.

अडथळ्याचंही एक वेगळं प्रकरण आहे. घट्ट शेंबूड किंवा नाकातलं रक्त यांतली काही द्रव्यं विकराला काम करू देत नाहीत. मग विषाणू भरपूर असूनही आलेख उशिरा किंवा लुळा चढतो. अनुभवी टेक्निशियन अशा वेळी नमुना दहापट पातळ करून पुन्हा चालवतात. सगळं ठीक असतं, तर दहापट पातळ केल्यावर सीटी ३.३ ने वाढायला हवी. ती वाढलीच नाही, किंवा उलट कमी झाली, तर अडथळा आणणारं द्रव्यही पातळ झालं आणि विकर मोकळा झाला, असा त्याचा अर्थ.

एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. हे कुटुंब कल्पित आहे, पण त्यांच्यासारखे रिपोर्ट त्या काळात घरोघरी आले होते. साताऱ्यातले एक किराणा दुकानदार, वय ४८. सोमवारी ताप आला, बुधवारी त्यांचा, बायकोचा आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा स्वॅब घेतला. तिघांचे नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच किटवर तपासले. किट विषाणूचे दोन भाग शोधतं: ई जनुक आणि ओआरएफ.

दुकानदारांचा रिपोर्ट: ई १९, ओआरएफ २०, आरएनेज पी २५. शंकेला जागा नाही. तापाचा तिसरा दिवस, विषाणू भरात, नमुना उत्तम.

बायकोचा: ई ३४, ओआरएफ सापडला नाही, आरएनेज पी २६. तिला काहीही लक्षण नाही. नमुना चांगला आहे, म्हणजे आकडा मोठा येण्याचं खापर काडीवर फोडता येत नाही. विषाणू खरंच थोडा आहे. इतका थोडा, की दोनपैकी एकच भाग दिसला. दोन भागांची संवेदनशीलता थोडी वेगळी असते आणि प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्या की एक दिसतो, एक निसटतो. आता प्रश्न असा, की हा थोडा विषाणू येतोय की जातोय? ३४ हा आकडा दोन्हींत सारखाच असतो. संसर्गाच्या पहिल्या दिवशी चढताना विषाणू ३४ ला भेटतो आणि दोन-तीन आठवड्यांनी उतरताना पुन्हा ३४ ला भेटतो. तिला आधी आजार झालेला नव्हता, घरात तिसऱ्या दिवसाचा रुग्ण होता. तेव्हा ही चढाची पहिली पायरी असण्याचीच शक्यता जास्त. शनिवारी पुन्हा तपासलं तर ई २२, आणि अंगात कणकण. तीन दिवसांत १२ चक्रांचा, म्हणजे चार हजार पटींचा फरक. २४ ची सीमा लावली असती, तर बुधवारी ही बाई निगेटिव्ह ठरून सासू-सासऱ्यांकडे राहायला गेली असती, आणि शनिवारी ती घरातली सर्वांत जास्त संसर्ग पसरवणारी व्यक्ती असती. आयसीएमआरचा आक्षेप हाच होता.

मुलाचा रिपोर्ट: ई सापडला नाही, ओआरएफ सापडला नाही, आरएनेज पी ३५. किटच्या नियमाप्रमाणे आरएनेज पी सापडलं, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह. छापील कागदावर एवढंच येतं. पण वडिलांच्या २५ शेजारी मुलाचे ३५ ठेवले, की मुलाच्या काडीवर हजारपटीने कमी पेशी होत्या हे लगेच दिसतं. लक्ष देणारी लॅब इथे फोन करते आणि नमुना पुन्हा मागवते. दुसऱ्या दिवशी नीट घेतलेल्या स्वॅबमध्ये आरएनेज पी २५ आणि ई २७ आलं. २७ मध्ये दहा चक्रं मिळवा, ३७ होतात. पहिल्या काडीवर हजारावा भागच आला होता, म्हणून विषाणू ३५ च्या रेघेपलीकडे गेला होता. मुलगा आदल्या दिवशीही बहुधा बाधितच होता.

आणि दुकानदार? तापाच्या दहाव्या दिवशी त्यांची सीटी ३२ आली. घरच्यांना हायसं वाटलं, १९ चे ३२ झाले. त्याच दिवशी बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ दिसत होतं. यात विसंगती काही नाही. कोरोनाचा विषाणू नाका-घशात पहिल्या आठवड्यात भरात असतो आणि मग ओसरतो. फुप्फुसांची सूज मात्र अनेकांत दुसऱ्या आठवड्यात वाढते, आणि तिला बराचसा कारणीभूत असतो तो शरीराचाच प्रतिकार. नाकातल्या काडीला फुप्फुसातलं कळत नाही. म्हणून आयसीएमआरने ऑगस्ट २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं, की सीटीच्या आकड्यावरून रुग्ण किती संसर्गजन्य आहे ते ठरवू नये आणि उपचारही ठरवू नयेत. त्या काळात अनेक घरांत छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकीचा स्कोअर आणि पीसीआरची सीटी व्हॅल्यू यांची गल्लत होई. स्कोअर वाढला तर फुप्फुस जास्त बिघडलेलं, सीटी व्हॅल्यू वाढली तर विषाणू कमी. या गल्लतीतून काही जण दवाखान्यात उशिरा पोचले असतील, ही शक्यता अस्वस्थ करणारी आहे.

मग २४ हा आकडा निव्वळ हवेतला होता का? तसं नाही. संसर्गजन्य विषाणू जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी नमुना पेशींच्या थरावर टाकून विषाणू वाढतो का, ते तपासतात. २०२० मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या शास्त्रज्ञांनी ९० नमुन्यांवर हे केलं. सीटी २४ च्या वर असलेल्या नमुन्यांत त्यांना विषाणू वाढवता आला नाही. लक्षणं सुरू होऊन आठ दिवस उलटून गेलेल्यांचीही तीच गत. पण फ्रान्समधल्या मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या संख्येने नमुने तपासले तेव्हा २५ सीटीला सुमारे ७० टक्के, ३० ला सुमारे २० टक्के नमुन्यांत विषाणू वाढला. ३५ ला तो ३ टक्क्यांच्या खाली आला. दोन्ही चमूंनी प्रामाणिकपणे काम केलं होतं. त्यांची किट, मशीन आणि पेशी वाढवण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या, म्हणून आकडे जुळले नाहीत. पीसीआर आरएनएचा तुकडा पाहतो, आणि मेलेल्या विषाणूचे तुकडेही नाकात आठवडेच्या आठवडे राहू शकतात, हेही या प्रयोगांनी दाखवलं. पण विनिपेगचा २४ हा विनिपेगच्या मशीनवरचा होता. तो उचलून नाशिकच्या किंवा नांदेडच्या लॅबमध्ये लावता येत नाही.

का येत नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतून आला. तिथल्या कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने शेकडो लॅबना एकसारखा नमुना पाठवला. काडीचा, वेळेचा, रुग्णाचा प्रश्नच उरला नाही. तरीही वेगवेगळ्या पद्धतींनी आलेल्या सीटींत १४ चक्रांपर्यंतचा फरक निघाला. १४ चक्रं म्हणजे सोळा हजार पट. एका लॅबमध्ये २० आणि दुसरीत ३४, नमुना मात्र तोच.

हा फरक येतो कुठून? किती नमुना आत जातो आणि आरएनए किती थेंबांत उतरवतात, हे दर किटला वेगळं असतं. मशीनवरची आडवी रेघ कुठे ठेवायची, हे काही ठिकाणी सॉफ्टवेअर ठरवतं, काही ठिकाणी टेक्निशियन; ती थोडी वर-खाली झाली की सीटी एखाद-दुसऱ्या चक्राने सरकते. विषाणूचा कोणता भाग शोधला, यानेही फरक पडतो. कोरोनाचा विषाणू पेशीत स्वतःच्या पूर्ण प्रतींबरोबर अनेक तोकड्या प्रतीही बनवतो आणि त्या सगळ्यांत एन जनुकाचा भाग असतो. म्हणून एन शोधणाऱ्या किटची सीटी एरवी तितक्याच विषाणूला ओआरएफ शोधणाऱ्या किटपेक्षा कमी येऊ शकते. कधी विषाणूच बदलतो. अल्फा प्रकारात एस जनुकातली सहा अक्षरं गळली होती. एस शोधणाऱ्या एका प्रचलित किटमध्ये त्यामुळे एस दिसेना, बाकीचे भाग मात्र नेहमीसारखे दिसत. शास्त्रज्ञांनी याचा उलटा उपयोग करून घेतला. एस हरवलेले नमुने मोजून ब्रिटनमध्ये अल्फा कुठे किती पसरतोय याचा अंदाज घेतला गेला.

आणि खुद्द आलेख न पाहता नुसता आकडा वाचला तर आणखी एक धोका असतो. खऱ्या नमुन्याचा आलेख आडवा चालतो, वळतो, वर चढतो आणि पुन्हा आडवा होतो. कधी कधी उजेड पहिल्या चक्रापासून रखडत, तिरप्या रेषेत थोडाथोडा वाढत जातो आणि ३८ व्या चक्राला रेघेला नुसता स्पर्श करतो. सॉफ्टवेअर निष्ठेने सीटी ३८ छापतं. तिथे विषाणू नसतो. तसंच प्रत्येक फेरीत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवलेली असते. त्या पाण्यातच ३६ ला आलेख उठला, तर कुठेतरी हातमोज्यावरून किंवा टेबलावरून जुन्या डीएनएचा कण पसरला आहे आणि त्या फेरीतले सगळे ३५-३६ चे पॉझिटिव्ह संशयास्पद आहेत. चांगल्या लॅबमध्ये अशी फेरी रद्द होते.

सीटीचे आकडे खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे एकाच रुग्णाचे, एकाच लॅबमधले, एकाच किटवरचे, नीट घेतलेले नमुने. वरच्या उदाहरणातल्या बाईसाठी बुधवार आणि शनिवारची तुलना अर्थपूर्ण होती ती याचमुळे. दुसरं म्हणजे एक माणूस सोडून सगळं शहर पाहिलं तर. साथ वाढत असते तेव्हा कोणत्याही दिवशी सापडणाऱ्यांत नुकती लागण झालेले जास्त असतात, म्हणून कमी सीटींची गर्दी दिसते. साथ ओसरताना जुन्या संसर्गांचं प्रमाण वाढतं आणि आकडे वर सरकतात. जेम्स हे, मायकल मीना आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की एका दिवसाच्या नमुन्यांतल्या सीटींच्या विखुरणीवरूनही साथ चढते आहे की उतरते आहे, याचा अंदाज बांधता येतो. काड्यांतल्या चुका हजारो नमुन्यांत एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात. एका माणसाच्या रिपोर्टात तशी मुभा नसते.

पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातल्या पहिल्या तपासण्या केल्या. मार्च २०२० मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं भारतीय व्यावसायिक किट पुण्यातल्याच कंपनीचं होतं. लहान गावांत पोचलेलं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र गोव्यातल्या कंपनीचं. ही तपासणी आपल्याकडे इतकी रुजली आहे, की तिच्या रिपोर्टाचा आराखडा सुधारणंही आपल्याच हातात आहे. माझ्या मते विषाणूची सीटी छापायची असेल, तर तिच्याशेजारी अंतर्गत नियंत्रणाची सीटी, किटचं नाव, शोधलेलं जनुक आणि लक्षणं सुरू झाल्याची तारीख छापणं लॅबना बंधनकारक असायला हवं. यांतलं काहीच नसेल, तर नुसत्या ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ने रुग्णाचं कमी नुकसान होतं.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला, तर शेजाऱ्याच्या आकड्याशी तो ताडून पाहू नका. डॉक्टरांना लक्षणांचा पहिला दिवस नेमका सांगा. रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण घरात रुग्ण आहे किंवा ताप आहे, तर लॅबला फोन करून अंतर्गत नियंत्रणाची सीटी किती आली होती ते विचारा, मास्क लावून वेगळे राहा आणि एक-दोन दिवसांत पुन्हा स्वॅब द्या. आणि स्वॅब घेणाऱ्याने काडी आत नेली की डोळ्यांत पाणी येईल, शिंक येईल, तरी मान मागे खेचू नका.